फक्त नाव

गंगाराम गुरवाचा फोन देवाच्या पुढ्यात, पूजेच्या ताटाशेजारी, पडदा वर करून ठेवलेला असे. पाहणाऱ्याला ते विचित्र वाटायचं, पण त्यामागे त्याचा हिशेब पक्का होता.

तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या वाडीतलं हे रवळनाथाचं देऊळ. गंगारामच्या घरात पूजा चौथ्या पिढीची. सकाळी विहिरीवर आंघोळ करून तो सोवळ्यात आत शिरला की दुपारचा नैवेद्य होईपर्यंत बाहेरच्या वस्तूला शिवायचा नाही. शिवला तर पुन्हा आंघोळ. ते व्रत त्याने फोन येण्याच्या आधीपासून पाळलं होतं आणि फोन आल्यावर सोडलं नाही.

पण देवाची माणसं वाडीत थोडी आणि मुंबईत जास्त. नोकरी, लग्न, पोर, घर, काहीही अडलं की त्यांना कौल हवा असतो. भिजवलेल्या फुलांच्या कळ्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली कळी आधी गळते ते बघायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पूर्वी माणूस स्वतः यायचा. आता मेसेज येतो. तिकडून मेसेज आला की इकडे गंगाराम त्या माणसाचं नाव घेऊन कळ्या लावतो. प्रश्न विचारणारा हजर हवा, ही जुनी रीत. तो हजर नसेल तर निदान त्याचं नाव उजेडात असावं, ही गंगारामने त्यात घातलेली भर.

आणि मेसेज वाचायला दाजी होते.

दाजी म्हणजे बंदरातल्या कस्टमच्या कचेरीतून निवृत्त झालेले शिपाई. वय त्र्याहत्तर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलता मुलगा अजय मुंबईत. रोज आठच्या सुमारास ते यायचे, पाय धुवायचे, सभामंडपाच्या खांबाला टेकून बसायचे. फोन उजळला की मान पुढे काढून वाचायचे. हात लावायची गरज नव्हती. कुलूप न उघडताही पडद्यावर नाव आणि मजकूर दोन्ही दिसत.

“सुनीतीचो मेसेज. विचारता, नारळ आयतवारी ठेवू काय सोमवारी.”

“सोमवारी.”

“हौसाबायची सून. म्हणता, पोराचो ताप उतारलो, देवाक सांगा.”

“सांगतंय.”

असं बारा वर्षं चाललं होतं. गंगारामला चष्मा लागल्यापासून तर जास्तच. दाजींना गावाची खबर मिळायची, गंगारामला डोळे मिळायचे. कुणाचं गुपित दाजींनी कधी देवळाच्या पायरीखाली नेलं नाही.

त्या बुधवारी दाजी पाय धुवायला गेले होते, म्हणून निभावलं.

फोन उजळला. गंगाराम ताटात गंध उगाळत होता. सवयीने त्याने मान वळवली. अक्षरं मोठी करून ठेवलेली होती, चष्म्याशिवायही लागली.

अजय. गंगाकाका, बाबांचा रिपोर्ट मला मेलवर आला. गाठ साधी नाही. त्यांना सांगू की नको ते देवाला

पुढचं पडद्यावर मावलं नव्हतं. मावायची गरजही नव्हती.

बाहेर तांब्या खडखडला. दाजींची चप्पल वाजली. गंगारामने गंधाचा हात तसाच फोनवर दाबला. काच पिवळी झाली. मजकूर झाकला गेला आणि सोवळंही गेलं.

“ह्या काय?” दाजी दारात उभे. “फोनाक गंध लावलंस?”

“हात घसारलो.”

“बारा वर्सात पयल्यांदा घसारलो.”

गंगाराम फोन धोतराच्या सोग्याने पुसत विहिरीकडे गेला. ते पाणी अंगावर घेताना त्याला थंडी वाजली. डिसेंबरातही त्याला कधी वाजत नसे.

दाजींच्या पोटात गेले दोन महिने दुखत होतं. गेल्या आठवड्यात पुतण्याने त्यांना गोव्याला नेऊन तपासणी केली. रिपोर्टला दहा दिवस लागतील असं त्यांना सांगितलं होतं. दाजी दिवस मोजत नव्हते. गंगाराम आता मोजू लागला.

दुपारी घरी गेल्यावर त्याने अजयला फोन लावला.

“काका, डॉक्टरांची भेट मिळायची आहे,” अजय म्हणाला. घाईत तो शहरातलं बोलायचा. “ऑपरेशन की औषधं, ते ते सांगतील. भेटलो की लगेच तुम्हाला मेसेज करतो. तेव्हाच कौल लावा. मी तिथेच मनात धरून बसेन.”

“सकाळी लावूक व्हया. नैवेद्याच्या आदी.”

“हो. भेट सकाळचीच मिळेल, उद्या नाहीतर परवा. आणि काका, बाबा तिथे असतात ना?”

“असतत.”

“मग?”

“बघतंय,” म्हणून गंगारामने फोन ठेवला.

संध्याकाळी त्याची मुलगी ओवी कामावरून आली. ती तोंडवलीच्या किनाऱ्यावर एका होमस्टेचं बुकिंग बघायची. बापाने फोन तिच्या हातात दिला आणि एवढंच सांगितलं की कुणाचाही मजकूर वरून दिसता कामा नये. कारण सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. गुरवाच्या घरात वाढली होती.

तिने सेटिंगमध्ये जाऊन लॉक स्क्रीनवरच्या सूचनांचा मजकूर लपवला. दोन मिनिटांचं काम.

“आता कोणाक काय दिसूचा नाय, बाबानू.”

खरंच दिसलं नाही.

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन उजळला. दाजींनी मान पुढे काढली. मग आणखी काढली.

“व्हॉट्सॲप. मजकूर लपवला आहे.”

“कोणाचो?”

“नाव नाय. नुसती खूण आसा.” दाजींनी डोळे चोळले. “पुन्ना वाचतंय. मजकूर लपवला आहे. गंगाराम, देवाच्या दारात ह्यो मुको कोण इलो रे?”

ओवीने मजकूर झाकला होता आणि त्याबरोबर माणूसही झाकला गेला होता. हा मेसेज सुनीतीचा असेल, कुणा यजमानाचा असेल, नाहीतर मुंबईत डॉक्टरच्या दाराबाहेर बसलेल्या अजयचा असेल.

तो उठला. बाहेर जाऊन, कोरड्या फडक्याने हात पुसून, भिंतीकडे तोंड करून त्याने कुलूप उघडलं. कुणीतरी गणेशाचं चित्र पाठवून सुप्रभात म्हटलं होतं.

आंघोळ केली. आत आला. बसला.

फोन उजळला.

“मुको,” दाजी म्हणाले.

पुन्हा बाहेर. हौसाबाईच्या सुनेने पोराचा फोटो पाठवला होता. पुन्हा आंघोळ.

तिसऱ्या खेपेला विहिरीवरच्या बायका हसल्या. “गंगारामदादानू, आज देव लय तापलो वाटता,” एक म्हणाली. त्याने ओलं धोतर पिळलं. देवळात परतला तेव्हा दाजी त्याच्याकडे बघत होते. त्या नजरेत चेष्टा नव्हती.

“तुका बरा वाटणा नाय?”

“वाटता.”

“मगे बस ना एका जाग्यार. मांजरासारखो आत-भायर कित्या करतस?”

चौथ्यांदा फोन उजळला तेव्हा गंगाराम मुद्दाम उठला नाही. एकदा तरी पूजा पुरी करू म्हणाला मनाशी. अभिषेक उरकला, फुलं वाहिली. पण मन ताटात नव्हतं. एकच मंत्र त्याने दोनदा म्हटला आणि तिसऱ्यांदा अर्ध्यावर तोडला. दाजींनी तेही ऐकलं असणार.

दुपारी कळलं, चौथा अजयचा होता. डॉक्टर भेटले नव्हते, भेट शुक्रवारवर गेली होती. कौल चुकला नाही. पण चुकू शकला असता. गंगाराम भाताचं ताट तसंच ठेवून उठला.

“नाव व्हया,” त्याने संध्याकाळी ओवीला सांगितलं. “मजकूर नको. नाव दिसूक व्हया. मी सोवळ्यात फोनाक शिवूचंय नाय. नाव बघून कळ्ये लावतलंय. वाचूचा काय ता दुपारी.”

“मगे फोन उपडो ठेवा.”

“नाव कसा दिसात?”

“दाजीकाकांका दोन दिवस येव नको म्हणान सांगा.”

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की मजकूर दाजींबद्दलच आहे हे तिला कळलं. तिचा चेहरा उतरला. तिने फोनातली सेटिंग पुन्हा चाळून पाहिली.

मग म्हणाली, “ह्या फोनात एकतर सगळा दिसता नायतर सगळा लपता. नाव ठेवून मजकूर लपवूक व्हॉट्सॲपात माका काय गावणा नाय. पण सिग्नल म्हणान दुसरा ॲप आसा. आमचे फिरंगी पाव्हणे थयसून लिवतत. तेच्यात ह्या जमता.”

तिने ॲप उतरवलं, नंबर घातला, अजयला फोन करून त्यालाही उतरवायला सांगितलं. त्याच्याकडे आधीच होतं, ऑफिसातली माणसं वापरायची. मग तिने ॲपच्या सेटिंगमधल्या नोटिफिकेशनात जाऊन बापाला दाखवलं. तिथे तीन वाटा होत्या. नाव आणि मेसेज. फक्त नाव. नाव नाही, मेसेजही नाही.

“मधली,” गंगाराम म्हणाला.

तिने मधली निवडली. फोनचं स्वतःचं सेटिंग मात्र पहिल्यासारखं उघडं केलं. ते बंद राहिलं तर सिग्नलमधलं नावही झाकलं जाईल, असं तिने समजावलं. आता व्हॉट्सॲप पूर्वीसारखं बोलणार होतं. अजय तेवढा नाव सांगून गप्प बसणार होता. घरातूनच तिने अजयला एक मेसेज टाकायला लावला. कुलूपबंद पडद्यावर आलं, अजय, खाली नवीन मेसेज. बस्स.

“पण बाबानू, नाव तर दाजीकाका वाचतले.”

“होय.”

“बदलूया. सुपारीवालो म्हणान ठेवते.”

“नको.”

“कित्या?”

“गाऱ्हाण्यात नाव अजयचा आणि ताटाकडे सुपारीवालो? देवाच्या पुढ्यात मी दुसऱ्याच माणसाचा नाव ठेवूचंय नाय.”

ओवीने कपाळाला हात लावला. “तुमचो देव समजून घेतलो असतो.”

“देवाचा माका माहीत नाय. माका जमूचा नाय.”

तो रात्रभर कूस बदलत राहिला असेल, पण ते कुणी पाहिलं नाही. पहाटे विहिरीवर तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी होता.

शुक्रवारी दाजी आठला आले. पाय धुतले, खांबाला टेकले. पोटावर हात ठेवून बसायची त्यांना अलीकडे सवय लागली होती.

फोन उजळला.

“दीपिकाचो,” दाजींनी वाचलं. “विचारता, जत्रेक ओटी कधी भरूची.” ते खूश झाले. “मुको बोलूक लागलो तर. काल काय झाल्ला?”

“बिघाडलो होतो. ओवीन बरो केलो.”

हे खोटं नव्हतं. गंगारामने स्वतःला तसं बजावलं. कळ्या भिजत घातल्या. पाषाण ओला केला. नऊ वाजले, साडेनऊ झाले. प्रत्येक उजेडाला त्याचा हात थांबायचा. सुनीती. वीज मंडळ. पुन्हा दीपिका. दाजी वाचत होते, तो ऐकत नव्हता.

दहाला पाच कमी असताना फोन उजळला आणि दाजींनी वाचलं नाही.

गंगारामने मान वळवली. पडद्यावर नाव होतं. खाली नवीन मेसेज. काल घरी पाहिलं होतं तसंच, अगदी तंतोतंत. सगळं नीट चाललं होतं.

“अजय,” दाजी शेवटी म्हणाले. “माजो अजय?”

गंगारामने एक कळी उचलली. ती बोटाला चिकटून राहिली.

“तुका कित्याक लिवता तो? माका आयतवारी फोन करता. तुका शुक्रवारी सकाळी?”

“काम असात.”

“लिवलानीत काय ता दिसणा नाय.”

“नाय.”

“दीपिकाचा दिसता. सुनीतीचा दिसता. इजेच्या बिलाचा दिसता.” दाजी खांबापासून सरळ झाले. कस्टमात त्यांचा उभा जन्म दुसऱ्यांच्या पेट्या उघडल्या जाताना बघण्यात गेला होता. “बुधवारी गंध. काल सगळेच मुके. आज एकटो अजय मुको.”

गंगारामला वाटलं, निदान आता तरी काहीतरी सांगावं. फोनच बिघडला म्हणावं. पोराला नोकरीचा कौल हवा म्हणावं. तोंडात शब्द तयार होते. समोर पाषाण होता आणि हातात कळी. बारा वर्षं हा माणूस त्याचे डोळे झाला होता.

“माज्या पोटाचा रिपोर्ट इलो,” दाजी म्हणाले. विचारलं नाही.

गंगारामने नजर पाषाणाकडे वळवली.

“तो तुका विचारता काय करूचा ता.”

“माका नाय. देवाक.”

“काय विचारता?”

“दाजीनू, ता मी सांगूचंय नाय. तेणी माका विश्वासान लिवला.”

“बरा केलंस.” दाजींनी मान हलवली. मग म्हणाले, “तू लाव कौल. उजवी पडली तर माका सांगतलो. डावी पडली तर लपवतलो. असाच ना?”

गंगारामच्या हातातली कळी खाली पडली. ताटात, मध्येच. उजवीकडे नाही, डावीकडेही नाही.

“ती मोजू नको,” दाजी म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. “आणि आता लावू पण नको. डावी पडली तर मी काय करू? ह्या सगळ्या आयकान पण माका माहीत नाय असा दाखवू? माज्यान होणा नाय. देवाकय उगाच खोट्यात पाडशीत.”

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळू. ताटाजवळ आले, फोन उचलला आणि गंगारामपुढे धरला.

“उघड.”

“माजा सोवळा.”

“आंघोळ कर मगे. काल चार केलंस.”

“तीन.”

“बायका चार म्हणत होत्यो.”

गंगारामने हात धोतराला पुसले आणि पडद्यावर बोटाने आपली खूण ओढली. कुलूप उघडलं. मजकूर पसरण्याआधी दाजींनी चष्मा काढून खिशात टाकला होता. त्यांची उघडी नजर फोनवर नव्हती, गंगारामच्या तोंडावर होती.

“मी वाचूचंय नाय. तेच्या तोंडातसून आयकूचा आसा. तू लिव. बापूस हय बसलो आसा, म्हणान लिव. तेका कळला आसा. फोन कर.”

गंगारामचा मेसेज लिहिण्याचा हात मंद. एक एक अक्षर शोधावं लागे. वर अजयने लिहिलेल्या सहा ओळी दिसत होत्या. त्यात एक तारीख होती आणि एका मोठ्या शस्त्रक्रियेचं नाव होतं. त्याने त्या ओळींवरून नजर काढली आणि खाली लिहीत राहिला. ‘बाबा हय आसत. तेंका कळला. फोन कर.’ पाठवलं. बोट काचेवरून उचलायला त्याला धीर होईना.

“गेलो?”

“गेलो.”

दोघे वाट बघत राहिले. दाजी पायरीवर जाऊन बसले. त्यांचा स्वतःचा साधा बटणांचा फोन त्यांनी मांडीवर ठेवला. गंगाराम गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभा राहिला. आत जाता येत नव्हतं, बाहेर जायला पाय उचलत नव्हता. समुद्राकडून वारा येत होता. खालच्या वाटेने कुणीतरी मोटरसायकल रेटत नेत होतं.

फोन वाजला. दाजींनी दोनदा वाजू दिला.

“बोल रे.” मग ऐकत राहिले. “नाय, रागवलंय नाय. गुरवान काय सांगल्यान नाय. तुज्या नावानच सांगल्यान.” पुन्हा थांबले. “रडू नको. रडलस तर माका आयकाक येणा नाय. पयल्यापासून सांग. गाठ खंय आसा, थयसून.”

गंगारामने विहिरीकडे जायला पाऊल उचललं. आंघोळ, मग धूप, मग नैवेद्य. देवाला उपाशी ठेवून चालणार नव्हतं. तो चार पावलं गेला असेल.

“गंगाराम.”

तो वळला. दाजींनी फोन कानापासून दूर धरला होता. त्यातून अजयचा आवाज चिरकत होता, शब्द लागत नव्हते.

“तो डॉक्टरचा काय काय सांगता. माका कळणा नाय. हय ये.”

“माजी आंघोळ होवची आसा.”

“ती मगे कर. म्हणजे एकच लागात.”

गंगाराम पायरीवर बसला. दाजी सरकले. त्यांनी फोन दोघांच्या मध्ये धरला आणि दोन म्हाताऱ्यांची डोकी एकमेकांना टेकली.

“हं,” दाजी म्हणाले. “आता सांग. दोगय आयकताव.”